डॉक्टरांच्या घराचं मागचं दार: गोष्टीतला दुष्ट जुळा नायकाबद्दल काय सांगतो?

संध्याकाळच्या मालिकेत एक दिवस नायिकेची हुबेहूब दुसरी बाई घरात शिरते. काजळ जरा जाड, टिकली वेगळी, चालण्यात तोरा. घरातल्या कुणालाही पत्ता लागत नाही. आमच्याकडे आई मात्र पहिल्याच दृश्यात म्हणते, "ही ती नाही." मग दोन-तीन महिने आम्ही सगळे एकाच प्रश्नावर अडकलेले असतो: खरी कोण, खोटी कोण, आणि खरी परत कधी येणार?

मागच्या महिन्यात माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीनं जेकिल आणि हाइडची गोष्ट वाचली आणि मला विचारलं, "मावशी, यातही तेच आहे ना? एक चांगला, एक वाईट?" मी पटकन हो म्हणाले. रात्री पुस्तक पुन्हा उघडलं आणि आपण तिला चुकीचं उत्तर दिलं हे लक्षात आलं. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. गोष्टीचं रहस्य यात उघडं पडेल. पण ते रहस्य आता जगभर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरी गंमत ते कळल्यानंतरच सुरू होते.

आधी एक शब्द: प्रतिरूप

हुबेहूब दुसऱ्या माणसासाठी जगभर 'डॉपेलगँगर' हा जर्मन शब्द वापरतात. तो रूढ केला जाँ पॉल या जर्मन लेखकानं, 1796 मधल्या एका कादंबरीत. तळटीप देऊन त्यानं अर्थही सांगितला: जे लोक स्वतःलाच पाहतात, त्यांना असं म्हणतात. आज आपण हा शब्द "माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी" अशा अर्थानं वापरतो. मुळात मात्र तो पाहणाऱ्याचं नाव होता. मी इथे 'प्रतिरूप' म्हणेन, आणि हा मूळ अर्थ सोबत ठेवेन.

स्वतःला असं अचानक पाहणं कुणालाच आवडत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःचाच आवाज ऐकताना "मी असं बोलते?" म्हणून आपण दचकतो. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं 1919 साली स्वतःचाच एक अनुभव लिहून ठेवला आहे. रेल्वेच्या डब्यात तो एकटा बसला होता. गाडीला हिसका बसला, न्हाणीचं दार उघडलं आणि झगा-टोपी घातलेला एक म्हातारा आत शिरला. चुकून आपल्या डब्यात आला असेल म्हणून त्याला सांगायला फ्रॉइड उठला, तेव्हा कळलं की दाराच्या आरशात तो स्वतःच होता. तो म्हातारा आपल्याला अजिबात आवडला नव्हता, असं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

ओळख पटायच्या आधी जे वाटतं ते खरं असतं. प्रतिरूपाच्या गोष्टी त्याच क्षणावर उभ्या असतात.

सारखं दिसणं म्हणजे प्रतिरूप नव्हे

आपल्याकडे सारख्या दिसणाऱ्यांच्या गोष्टी पूर्वापार आहेत. वाल्मीकी रामायणात वाली आणि सुग्रीव झुंजतात तेव्हा कोण कुठला हे रामाला कळत नाही आणि बाण हातातच राहतो. सुग्रीव मार खाऊन परत येतो. मग लक्ष्मण त्याच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घालतो आणि दुसऱ्या झुंजीत बाण बरोबर जागी लागतो. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसतात. तिला खरा नळ कळतो तो घामावरून, पापण्यांच्या उघडझापीवरून, कोमेजलेल्या माळेवरून, जमिनीला टेकलेल्या पायांवरून.

या सुंदर गोष्टी आहेत, पण त्यांतला पेच ओळखण्याचा आहे. खूण सापडली की पेच सुटतो. देवांनी रूप घेतलं म्हणून नळाच्या मनात काय दडलं होतं ते आपल्याला कळत नाही. मालिकेतली जाड काजळवाली बाईही याच जातीची. ती बाहेरून येते, बाहेर जाते, नायिका होती तशीच राहते.

जेकिल आणि हाइड हे तर सारखे दिसतही नाहीत. तरीही प्रतिरूपाचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतात. ते का, हे नीट पाहू.

गोष्ट काय आहे

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ही छोटी कादंबरी जानेवारी 1886 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टीव्हन्सन मूळचा एडिंबराचा. त्या शहरात शंभर वर्षांपूर्वी विल्यम ब्रोडी नावाचा प्रतिष्ठित सुतार होता. तो दिवसा कपाटं बनवायचा, नगरसभेत बसायचा आणि रात्री लोकांची घरं फोडायचा. 1788 मध्ये त्याला फाशी झाली. लहानपणी स्टीव्हन्सनच्या खोलीत याच ब्रोडीनं बनवलेलं कपाट होतं. पुढे त्यानं एका मित्राबरोबर ब्रोडीवर नाटकही लिहिलं. दुहेरी आयुष्य म्हणजे काय, हे त्याच्या झोपायच्या खोलीतच उभं होतं म्हणा ना.

कादंबरीतला डॉक्टर हेन्री जेकिल पन्नाशीचा, धिप्पाड, श्रीमंत, दानधर्म करणारा. त्याचा वकील मित्र अटरसन याच्या कानावर एक विचित्र प्रसंग येतो. एडवर्ड हाइड नावाच्या ठेंगण्या माणसानं पहाटे तीनच्या सुमारास रस्त्यात एका लहान मुलीला तुडवलं आणि तसाच पुढे निघाला. लोकांनी धरून शंभर पौंड भरपाई मागितली. हाइड एका कळकट दारातून आत गेला आणि दहा पौंड रोख व उरलेल्या रकमेचा चेक घेऊन आला. चेकवर सही डॉक्टर जेकिलची.

पुढे हाइड एका वृद्ध, सभ्य खासदाराला काठीनं ठेचून मारतो. दहा प्रकरणांची ही गोष्ट, आणि जेकिल व हाइड एकच आहेत हे नवव्यापर्यंत वाचकाला सांगितलेलं नाही. जेकिल औषध घेऊन हाइड होतो आणि औषध घेऊन परत येतो. 1886 च्या वाचकाला ही रहस्यकथा वाटत होती: हा गुंड आपल्या डॉक्टरसाहेबांना कशावरून नाडतोय?

कागदपत्रं पाहा

मला या पुस्तकात सगळ्यात भीतीदायक काय वाटतं सांगू? खून नव्हे. तयारी.

सर्वसाधारण समज असा की जेकिलनं प्रयोग केला आणि त्यातून एक राक्षस निसटला. पुस्तक वेगळंच सांगतं. पहिल्या प्रयोगानंतर जेकिलनं सोहो भागात हाइडसाठी घर घेतलं, ते सामानसुमानानं नीट लावलं, तोंड बंद ठेवणारी एक बाई कामाला ठेवली. आपल्या घरातल्या नोकरांना हुकूम दिला की हाइडसाहेब आले तर त्यांचं ऐकायचं. मृत्युपत्र केलं: मी मेलो, किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता झालो, तर सगळी इस्टेट हाइडची. मुलीच्या प्रकरणात चेकमुळे आपलं नाव पुढे आलं म्हटल्यावर दुसऱ्या बँकेत हाइडच्या नावानं खातं उघडलं आणि त्याला सही दिली. ती सही म्हणजे जेकिलचंच अक्षर, फक्त उलट्या बाजूला कललेलं.

घर, मोलकरीण, हुकूम, मृत्युपत्र, बँकेचं खातं. बाप लेकाचा संसार मांडून देतो तसं हे आहे. राक्षस निसटला की माणूस पोलिसांत जातो. त्याच्या नावानं खातं उघडत नाही.

अटरसनच्या कारकुनाला हस्ताक्षर ओळखण्याची हातोटी असते. हाइडची म्हणून दाखवलेली चिठ्ठी आणि जेकिलचं जेवणाचं निमंत्रण तो शेजारी ठेवतो आणि सांगतो की वळण एकच आहे, कल तेवढा वेगळा. अटरसनला वाटतं, जेकिलनं खुन्याला वाचवायला खोटी चिठ्ठी लिहिली. खुनात वापरलेली छडीही अशीच: तिचा तुकडा पाहताच अटरसन ओळखतो, कारण ती त्यानंच पूर्वी जेकिलला भेट दिलेली असते. आणि हाइड ज्या कळकट, घंटा नसलेल्या दारातून ये-जा करतो ते दार? जेकिलच्याच घराचं मागचं दार. पुढचं चौकात उघडतं, झगमगीत, मागचं गल्लीत. मधे अंगण आणि प्रयोगशाळा. घर एकच.

खरं प्रतिरूप ओळखायची खूण इथे आहे. नुसती डबल भूमिका असेल तर दोघांना जोडतो तो चेहरा. प्रतिरूप असेल तर दोघांना जोडतात त्या चेहऱ्याखालच्या वस्तू: अक्षर, छडी, किल्ली, पैसा. चेहरा बदलता येतो, पण या वस्तू कुणी दिल्या हे विचारलं की वाट नायकापाशीच जाते.

"पण जेकिल चांगला होता ना?"

भाचीचा प्रश्न हाच होता, आणि माझं उत्तर इथेच चुकलं होतं. एक चांगला आणि एक वाईट, अशी ही वाटणी नाहीच. औषधानं जेकिलमधला वाईट भाग वेगळा काढला, एवढंच झालं. चांगला भाग वेगळा निघाला नाही. हाइड निव्वळ दुष्ट, आणि जेकिल पहिल्यासारखाच: थोडा चांगला, थोडा वाईट, मिसळलेला. दुधातून साय काढावी तशी वाटणी व्हायला हवी होती. इथे साय निघाली आणि भांड्यात पुन्हा सायीसकट दूध शिल्लक! जेकिल स्वतः कबूल करतो की औषध ना देवाचं होतं ना सैतानाचं, त्यानं फक्त कोठडीचं दार हलवलं. त्या वेळी मनात जे जागं होतं ते बाहेर आलं.

मग जेकिल काय लपवत होता? तरुणपणापासून त्याला काही मौजा आवडत होत्या. त्या कोणत्या, हे स्टीव्हन्सन सांगत नाही, आणि तेच बरोबर आहे. जेकिल म्हणतो की दुसऱ्या एखाद्यानं त्या मिरवल्याही असत्या. पण त्याला लोकांसमोर मान ताठ ठेवून वावरायचं होतं, म्हणून त्यानं त्या दडवल्या. म्हणजे पाप आधी आणि मुखवटा नंतर, असा क्रम नाही. मुखवटा इतका घट्ट बसवला की त्याखालची साधी गोष्टसुद्धा पाप होऊन बसली.

हाइड ठेंगणा आणि वयानं लहान का, याचं उत्तरही इथेच आहे. जेकिलचे कपडे त्याच्या अंगावर लोंबतात. जेकिलचा तर्क असा की हा भाग आयुष्यभर कमी वापरला गेला, म्हणून तो कमी वाढला आणि कमी झिजला. पुढे हाइडला मोकळीक मिळत जाते तसा त्याचा देह भरत गेल्याचं जेकिलला जाणवतं. खाऊ घातलं की वाढणार.

आणि आरसा. जेकिल पहिल्यांदा हाइडला आरशात पाहतो तेव्हा त्याला किळस येत नाही. उलट स्वागत करावंसं वाटतं. हाही मीच, असं तो लिहितो. बाकी हाइडला भेटणाऱ्या प्रत्येकाला अंगावर काटा येतो आणि का ते सांगता येत नाही. फ्रॉइडला आपलं प्रतिबिंब आवडलं नाही, कारण ओळख पटली नव्हती. जेकिलला आवडलं, कारण ओळख पटली होती.

"औषधाचा दोष, त्याचा काय दोष?"

हा आक्षेप रास्त वाटतो, कारण पुढे जेकिल खरंच हतबल होतो. एका सकाळी तो आपल्याच पलंगावर जागा होतो आणि चादरीवर ठेवलेला हात त्याला दिसतो. जेकिलचा हात मोठा, घट्ट, गोरा. हा हात सुकलेला, शिरा वर आलेला, केसाळ. झोपताना तो जेकिल होता आणि औषध न घेता हाइड म्हणून उठला.

पण याहून महत्त्वाचा प्रसंग बागेतला आहे, आणि तो चित्रपटांत बहुधा हरवतो. खुनानंतर जेकिल हाइडला कायमचा बंद करतो. दोन महिन्यांहून जास्त काळ तो दानधर्म करतो, मित्रांना भेटतो. मग जानेवारीतल्या एका स्वच्छ दिवशी रीजंट पार्कात बाकावर बसलेला असताना त्याच्या मनात येतं की आपण काही शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा वाईट नाही. मग आणखी पुढे जाऊन, ते कसे आळशी आणि निष्काळजी, आणि आपण कसे झटतो, असं वाटून तो मनात सुखावतो. नेमक्या त्या क्षणी पोटात ढवळतं, कपडे सैल होतात, आणि बाकावर हाइड बसलेला असतो.

औषध नाही, राग नाही, वासना नाही. "मी लोकांपेक्षा बरा" एवढ्या विचारानं हाइड आला. मला वाटतं, स्टीव्हन्सननं लिहिलेलं हे सगळ्यात निर्दय पान आहे. हाइड ज्या मुळातून उगवला होता ते मूळ वासनेचं नव्हतंच, ते प्रतिष्ठेचं होतं. म्हणून प्रतिष्ठा फुलली की तोही वर येतो.

औषधाची एक गंमतही आहे. साठा संपत येतो, जेकिल नव्या पुड्या मागवतो, पण त्या काम करत नाहीत. त्याला वाटतं नवा माल भेसळीचा आहे. शेवटी उमगतं की पहिलाच साठा अशुद्ध होता आणि गुण त्या अज्ञात अशुद्धीचाच होता. म्हणजे त्याचा शोध हा शोधच नव्हता.

"हा दुभंग व्यक्तिमत्त्वाचा आजार नाही का?"

रोजच्या बोलण्यात आपण 'जेकिल-हाइड' म्हणतो ते याच अर्थानं, आणि बरेच लोक त्यात स्किझोफ्रेनियाही मिसळतात. स्किझोफ्रेनिया हा वेगळाच आजार आहे. त्यात भास आणि भ्रम होतात, एका माणसाचे दोन होत नाहीत. एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी वावरतात तो आजार दुसरा, आणि त्याची एक मोठी खूण म्हणजे आठवणींत पडणारी खिंडारं.

जेकिलच्या आठवणीत खिंडार नाही. हाइडनं काय केलं ते त्याला सगळं आठवतं. तो स्वतः लिहितो की दोघांत स्मरणशक्ती सामाईक होती. म्हणून त्याला रुग्ण म्हणणं म्हणजे त्याला हवी तीच पळवाट देणं. सगळं आठवत असूनही तो म्हणतो, दोषी हाइड आहे, एकटा हाइड.

मराठी वाचकाला हे वाक्य फार ओळखीचं आहे. 1962 साली आचार्य अत्र्यांच्या नाटकात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून म्हणत राहिला, "तो मी नव्हेच!" लखोबाला ठाऊक असतं की आपण खोटं बोलतोय; तो कोर्टाला फसवत होता. जेकिल तेच वाक्य रात्री एकटा असताना स्वतःला ऐकवतो, आणि त्याला ते पटतं. लखोबाला वेषांतर पुरलं. जेकिलला प्रतिरूप लागलं, कारण ज्याला फसवायचं होतं तो घरातलाच होता.

"प्रतिरूप नेहमी दुष्टच असतं का?"

नाही, आणि त्यामुळेच ही युक्ती इतकी टिकली. एडगर ॲलन पोची 1839 मधली 'विल्यम विल्सन' ही कथा पाहा. तिथे नायकच लबाड आहे. त्याच्याच नावाचा, त्याच्याच जन्मतारखेचा मुलगा शाळेत येतो, त्याच्यासारखाच वागतो, फक्त त्याला कुजबुजीपेक्षा मोठा आवाज काढता येत नाही. पुढे नायक पत्त्यांत फसवतो तेव्हा हा येऊन भांडं फोडतो. शेवटी नायक त्याला तलवारीनं भोसकतो आणि समोर रक्तानं माखलेला स्वतःच दिसतो. इथे दडवलेली गोष्ट म्हणजे सदसद्विवेक. त्याचा आवाज कुजबुजीइतकाच का, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर विजयदान देथांची राजस्थानी कथा 'दुविधा' आहे. अमोल पालेकरांनी 2005 मध्ये तिच्यावर 'पहेली' केला. शेठचा मुलगा लग्न होताच हिशेबाच्या वहीत डोकं घालतो आणि पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. एक भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं आणि बायकोवर मनापासून प्रेम करतं, शिवाय तिला आधीच खरं सांगून टाकतं. जो जिवंत आहे त्याच्याकडे जे नव्हतं ते सगळं भुताकडे. नवऱ्यानं स्वतःतलं काय गाडून टाकलं होतं ते भूत दाखवतं.

म्हणून भाचीला मी आता वेगळा प्रश्न विचारायला सांगितलं आहे. दोघांतला चांगला कोण, हे राहू दे. प्रतिरूपानं जे केलं ते करायची मुभा नायकानं स्वतःला का दिली नव्हती, ते शोध. जेकिलनं मौज दिली नव्हती, विल्सननं लाज, शेठच्या मुलानं प्रेम. आणि या प्रश्नाला उत्तरच मिळालं नाही, तर समोर आहे ती फक्त डबल भूमिका. मग खुशाल गजपुष्पीची वेल शोधावी.

शेवटची ओळ कोण लिहितो?

एक गोष्ट अजून मला सुटलेली नाही. शेवटचं प्रकरण म्हणजे जेकिलचा कबुलीजबाब. त्यात सर्वनामं हळूहळू हलत जातात. सुरुवातीला हाइडबद्दल लिहिताना तो 'मी' म्हणतो: मी बाहेर पडलो, मी मारलं. मग एके ठिकाणी थबकून लिहितो की हाइडला मी 'तो' म्हणतो, 'मी' मला म्हणवत नाही. त्याच्या आधीच एका ठिकाणी जेकिल आणि हाइड दोघंही तिसऱ्याच कुणासारखे झालेले असतात. जेकिलला हाइडची बापाहून जास्त काळजी, हाइडला जेकिलबद्दल पोराहून जास्त बेपर्वाई, असं लिहिणारा हा तिसरा कोण?

अगदी शेवटी औषध संपलंय, हाइड केव्हाही परतेल, आणि जेकिल लेखणी खाली ठेवताना लिहितो की त्या दुर्दैवी हेन्री जेकिलच्या आयुष्याचा मी शेवट करतो आहे. 'माझ्या' नव्हे, 'त्या'. भाचीनं त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून समासात विचारलं आहे, "मग हे लिहिणारा हात कुणाचा?"